देव्हाऱ्यातली शिवराई विकायला काढताना

अगं, तुझा मजकूर वाचला आणि फोटोही मोठे करकरून पाहिले. आता जरा निवांत बसून ऐक. लगेच "पण ताई" सुरू करू नकोस. नाणं चांगलं आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण आहे ते तू त्याच्याभोवती जे लिहिलंयस त्याच्याशी.

काय लिहिलंयस तू? "छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळातले अस्सल नाणे, रायगड टांकसाळ, अतिदुर्मिळ, उत्तम स्थितीत, हिर्डोशीच्या ऐतिहासिक घराण्यातून, किंमत ५ लाख." एका दमात सहा गोष्टी सांगितल्यास. त्यातली एक तरी नाण्याकडे बघून सिद्ध होते का, सांग मला. "नाणे" एवढा शब्द होतो. बाकी सगळं तुला वाटतंय, किंवा कुणीतरी सांगितलंय, किंवा भाव यावा म्हणून घातलंय. जाणता गिऱ्हाईक हे वाचून पुढे सरकतो. जो सरकत नाही तो अजाण असतो, आणि तो चार महिन्यांनी कुणाला तरी नाणं दाखवून तुझ्या दारात उभा राहतो.

म्हणून आधी नाणं काय बोलतं ते बघू. तू भोरला सोनाराकडे वजन करून आणलंस ते फार बरं केलंस. ८.७४ ग्रॅम. तांबं. आडवं मोजलं तर साधारण २० मिलिमीटर, पण घडण वेडीवाकडी असल्यामुळे एका बाजूने थोडं कमी. पुढच्या बाजूला तीन ओळींत "श्री / राजा / शिव", त्यातला "श्री" वरून अर्धा कापला गेलेला. मागे "छत्र / पति". कडेला ठिपक्यांची माळ, तीही एकाच बाजूला दिसते. ही शिवराई आहे, यात शंका नाही.

पण मागच्या बाजूचा फोटो पुन्हा उघड. "छत्र" आणि "पति" यांच्या मधे दोन आडव्या रेषा आहेत ना, समांतर? तू त्यांना ओरखडे समजलीस. ते ओरखडे नव्हेत, ठशातच कोरलेल्या दांड्या आहेत. अशा शिवराईला नाणेवाले दुदांडी म्हणतात, आणि ती साधारण उत्तर पेशवाईतली मानतात. राज्याभिषेक १६७४ चा. म्हणजे महाराजांचं नाव घेणारं हे नाणं त्यांच्या पश्चात शंभरएक वर्षांनी पडलेलं आहे.

आता तुझं तोंड उतरलं असणार. उतरू देऊ नकोस. शिवराईची गंमतच ही आहे. राज्याभिषेकापासून सुरू झालेला हा तांब्याचा पैसा पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात पडत राहिला, आणि बहुतेकांनी त्यावरचं "राजा शिव" तसंच ठेवलं. राजाराम महाराजांच्या आणि शाहू महाराजांच्या नावाच्याही शिवराया आहेत, पण त्या थोड्या. अगदी इंग्रज आल्यावरही बाजारात शिवराई चालत होती. त्यामुळे "नाण्यावर शिव लिहिलंय म्हणजे नाणं शिवकालीन" हा हिशेब तिथेच चुकतो. नाण्यावर साल नाही, टांकसाळीचं नावही नाही. अभ्यासक काळ ठरवतात तो वजनावरून, अक्षरांच्या वळणावरून, "शिव" कसा लिहिलाय, ठिपके कसे आहेत यावरून. सुरुवातीच्या भारी शिवरायांचं वजन साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या घरात सांगतात, पुढे ते उतरत गेलं. तुझं नाणं वजनानेही नंतरच्याच बाजूला बसतं. दांड्या आणि वजन दोन्ही एकच सांगतात, तेव्हा हे लिहायला हरकत नाही. नुसत्या वजनावरून मात्र काही ठरवू नकोस, कारण जुनं नाणं झिजूनही हलकं होतं.

रायगड टांकसाळ तर खोडूनच टाक. वरंध घाट उतरलं की महाड आणि महाडवरून रायगड, म्हणून तुला ते जवळचं वाटलं असेल, समजते मी. पण हिरडस मावळातल्या घरात नाणं राहिलं म्हणजे ते घाटाखालच्या गडावर पडलं असं होत नाही. पैसा फिरतो, त्याचं कामच ते.

आता "अतिदुर्मिळ". हा शब्द मी गेल्या काही वर्षांत इतका वाचलाय की आता तो दिसला की माझा हात नाण्याऐवजी खिशाकडे जातो. शिवराई हा त्या काळचा रोजचा पैसा होता. मीठ-मिरचीला लागणारा. तो अफाट प्रमाणात पाडला गेला, म्हणून आजही तांबटांच्या जुन्या सामानात, देव्हाऱ्यात, गाठोड्यात तो निघतो. साधी शिवराई आजही काहीशे रुपयांत मिळते. नाव मोठं म्हणून नाणं दुर्मिळ होत नाही. त्याच महाराजांचा सोन्याचा होन खरोखर दुर्मिळ आहे, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके अस्सल नमुने माहीत आहेत, आणि म्हणूनच जत्रेत आणि मोबाइलवर पितळेचे होन पोत्याने विकले जातात. तुझ्या पेटीत कधी होन निघालाच तर आधी तो खोटा धर आणि मग तपासायला घे.

वय आणि दुर्मिळपणा यांची गाठ बांधायची आपल्याला सवय असते, ती सोड. शिवराई ठेवलेल्या डब्यातच तुला व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा रुपया सापडलाय ना? दीडशे वर्षांहून जुना. पण तो अतिशय सर्रास मिळणारा, कारण १८६२ हेच साल ठशावर पुढे १८७४ पर्यंत तसंच ठेवून रुपये पाडत राहिले. त्याच्या ठिपक्यांच्या फरकांवर जीव टाकणारे लोक आहेत, पण साध्या नमुन्याची किंमत चांदीच्या भावाभोवतीच फिरते. वजन ११.६६ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम, एवढा आकडा पाठ ठेवलास की सोनार काय देतो ते तुला लगेच ताडता येईल. याउलट १९३९ चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया वयाने नातू लागतो, पण तो दिसतच नाही. आणि दिसला तर बहुतेक वेळा १९३८ मधला ८ कोरून ९ केलेला असतो, भिंगाखाली त्या आकड्याच्या आजूबाजूची चांदी उकरलेली दिसते.

मग दुर्मिळपणाबद्दल लिहायचं काय? लिहिलंच पाहिजे असं नाही. तुझ्या नाण्यासारख्या दुदांडी शिवराया कितीतरी आहेत, तर ते सरळ लिही: "सर्वसाधारणपणे मिळणारा प्रकार." लाजायचं कारण नाही. तुझ्यासारखा विक्रेता हे लिहितो तेव्हा वाचणारा दचकतो, आणि मग पुढचं प्रत्येक वाक्य खरं मानून वाचतो. अक्षराचं एखादं वेगळं वळण दिसलं तर मराठ्यांच्या नाण्यांवर महेश्वरी आणि विगिन्स यांचं १९८९ चं जाडं इंग्रजी पुस्तक आहे, नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेने काढलेलं. ते कुणाकडे तरी बसून चाळायचं आणि जुळलं तरच त्याचा उल्लेख करायचा. "मी अशी दुसरी पाहिली नाही" हे वाक्य मात्र नको. तू शिवराया किती पाहिल्यास?

एक गोष्ट अजून बघून ठेव, कारण विचारणारा विचारेल: नाणं ओतीव तर नाही ना? हाताने ठोकलेल्या शिवराईचा गोळा प्रत्येक वेळी वेगळा येतो, ठसा वेगळ्या जागी बसतो. साच्यात ओतलेल्या नकलेची अक्षरं गुळगुळीत, कडा मऊ, पृष्ठभागावर बारीक टाचणीएवढी भोकं, आणि कडेवर फिरणारी एक रेघ, जिथे साच्याचे दोन भाग भेटतात. तुझ्या डब्यात तीन शिवराया आहेत म्हणालीस. तिघींचे आकार शेजारी ठेवून बघ. दोघींचा टवका जर अगदी एकाच जागी, एकाच मापाचा असला, तर त्या बहिणी नव्हेत, एकाच साच्यातून निघालेल्या नकला आहेत. फोटोत तरी मला तसं दिसलं नाही.

आता स्थितीकडे येऊ, कारण तुझी खरी अडचण तिथेच आहे आणि तुला ती माहीत नाही.

"उत्तम स्थितीत" म्हणजे काय ते नाणं गोळा करणाऱ्याला विचार. त्यांच्या बोलण्यात पायऱ्या असतात: एकदम कोरं, मग एक्स्ट्रा फाइन, व्हेरी फाइन, फाइन, त्याखाली व्हेरी गुड आणि गुड. हे "गुड" फसवं आहे हं. त्यांच्या भाषेत गुड म्हणजे जेमतेम ओळखू येणारं. तू मराठीत "चांगल्या स्थितीत" लिहिलंस आणि समोरच्याने ते इंग्रजी पायरी म्हणून वाचलं, तर त्याला वाटेल नाणं पार घासून गेलंय. अमेरिकेतून आलेली ७० गुणांची पट्टीही आहे, काही कंपन्या नाणं बंद प्लॅस्टिकच्या डबीत घालून त्यावर गुण छापून देतात. काहीशे रुपयांच्या शिवराईसाठी तो खर्च वेडेपणा आहे. शिवाय ती पट्टी यंत्राने पाडलेल्या, एकसारख्या नाण्यांना नीट लागू पडते. आपल्या हाताने ठोकलेल्या तांब्याला तिच्यात बसवताना ओढाताण होते.

म्हणून शिवराईची स्थिती सांगताना एकच शब्द वापरू नये, तीन वेगळ्या गोष्टी सांगाव्यात. ठसा कसा बसलाय, झीज किती आहे, आणि अंगाची कातडी कशी आहे.

ठसा म्हणजे नाणं पाडताना झालेलं. ठसा बहुधा गोळ्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे नाण्यावर सगळी अक्षरं येतच नसत. तुझा "श्री" अर्धा कापलाय, तो दोष झिजेचा नाही, तो त्या दिवशीच्या हातोड्याचा आहे. कापलेला भाग नाण्याच्या कडेपलीकडे गेला, एवढंच. एखादं अक्षर मधेच पुसट असेल तर उलटून त्याच जागी मागे बघ. दोन्ही बाजूंना तिथेच पुसट असलं, आणि तिथलं तांबं खरखरीत, न दबलेलं दिसलं, तर तो कमी बसलेला ठसा. झीज तशी नसते. झिजलेल्या नाण्यावर सगळी उंच जागा सारखी बसकी होते आणि तिच्यावर एक गुळगुळीत चकाकी येते.

आणि तुझ्या शिवराईवर ती चकाकी आहे, अगं. खूप आहे. कारण ती बाजारात झिजलेली नाही, देव्हाऱ्यात झिजली आहे. आजी दर सणाला, नवरात्रात, देवांबरोबर तिलाही चिंचेने घासायची. खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवून हळद-कुंकू लावायची. पन्नास-साठ वर्षं हे चाललं असेल. त्याने अक्षरांच्या कडा गोल झाल्या, जुन्या तांब्यावर यायचा तो गडद तपकिरी थर गेला, आणि नाणं तांबूस-नारिंगी झालं. तुला ते "चकचकीत" वाटलं, म्हणून तू उत्तम लिहिलंस. संग्राहकाच्या डोळ्याला तोच सगळ्यात मोठा उणेपणा आहे. जुना थर एकदा गेला की तो परत आणता येत नाही, रसायन लावून आणलेला खोटा थर लगेच ओळखू येतो.

म्हणून तुझ्या पाया पडते, आणखी घासू नकोस. अक्षरांच्या खाचांत कुंकू बसलंय, ते टोकरू नकोस. ते काही वाईट दिसत नाही, उलट तुझं नाणं कुठून आलं याचा तो एकच दिसणारा पुरावा आहे. फक्त हिरवट पूड दिसते का ते रोज एकदा बघ. घट्ट बसलेला, गुळगुळीत हिरवा थर चालतो. पण नखाने उडणारी फिकी हिरवी पूड, जी पुसली तरी पुन्हा येते, ती तांब्याला आतून खाते. ओलीने ती वाढते, आणि हिर्डोशीच्या पावसाळ्यात ओल कशाला म्हणतात ते तुला मी सांगायला नको. डब्यात कोरड्या कागदाच्या पाकिटात ठेव, सिलिका जेलची एक पुडी टाक. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या खिशात ठेवू नकोस, त्याचा चिकट हिरवा थर नाण्यावर बसतो.

पायरी सांगायचीच झाली तर मी म्हणेन, अक्षरं वाचता येतात, पण कडा गोल झाल्यात, तेव्हा "फाइन"च्या आसपास, आणि त्यापुढे लगेच "पूजेत वारंवार घासलेली, मूळ थर उरलेला नाही." त्या दुसऱ्या वाक्यावाचून पहिलं खोटं ठरतं. दुसऱ्या शिवराईला वर कान जोडल्याची खूण आहे, बघितलंस का? कुणीतरी ती गळ्यात घातली असणार. कान काढला तरी तिथलं डाख दिसतं. तेही लिहायचं, फोटोसकट.

फोटोंचं एक. तू दुपारी, वरून उजेड पडताना काढलेस, म्हणून अक्षरं सपाट दिसतात. सकाळी खिडकीत, उजेड बाजूने तिरका येईल असं ठेव, दोन्ही बाजू आणि कडही घे. मोबाइलचं रंग उजळणं बंद कर. वजनकाट्यावर नाणं ठेवून आकड्यासकट एक फोटो, आणि शेजारी पट्टी ठेवून एक. फोटोत जे दिसतं ते लिहिलेल्यापेक्षा चांगलं दिसलं, तर तक्रार तुझ्याच विरुद्ध जाईल.

आता नाणं आलं कुठून. इथे तू मला एक प्रश्न विचारलास, आणि मला तो आवडला नाही. "ताई, शेतात नांगरताना सापडलं असं लिहिलं तर जास्त भाव येईल का?" येईलही कदाचित. पण नीट समज. जमिनीत सापडलेल्या ठेव्याला १८७८ चा कायदा लागू होतो, निखात निधीचा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, काय सापडलं, कुठे, कधी, ते सगळं. दहा रुपये ही मर्यादा आजही तीच. म्हणजे तू भाव वाढावा म्हणून लिहिलेलं ते एक वाक्य, खोटं असलं तर फसवणूक, आणि खरं असलं तर न कळवल्याची कबुली. गडावर सापडलं असं लिहिलंस तर प्रकरण त्याहून वाईट. खरंच कधी शेतात काही निघालं, तर विकायचा विचारही करू नकोस. तलाठ्यांकडे जा आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळव.

तुझं नाणं शेतातलं नाही, देव्हाऱ्यातलं आहे, हीच त्याची चांगली गोष्ट. मग ती नीट लिही. तुला स्वतःला काय माहीत आहे? की तुझ्या लहानपणापासून ते देव्हाऱ्यात आहे. आईला काय माहीत? की ती लग्न होऊन आली तेव्हा होतं. धरणात जुनं घर गेलं तेव्हा देव नव्या घरात आणले, त्यात तेही आलं. त्याआधीचं कुणालाच माहीत नाही. आजोबा म्हणायचे की पणजोबांना बांदल देशमुखांच्या वाड्यावरून मिळालं, ही सांगोवांगी आहे. ती गोड आहे, घरात सांगायला ठेव. लिहिणार असशील तर "घरात असे सांगितले जाते, लेखी आधार नाही" असं लिही, आणि माझं ऐकशील तर लिहूच नकोस. बांदलांचं नाव आलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच बाजीप्रभू आणि घोडखिंड उभी राहते, आणि आपण काहीशे रुपयांच्या पैशावर तेवढं ओझं घालतोय.

त्यापेक्षा एक काम कर. आईला बसवून, तिच्या शब्दांत, तारीख घालून एक पानभर लिहून घे. खाली तिची सही. देव्हाऱ्याचा एखादा जुना फोटो असेल, दिवाळीचा वगैरे, ज्यात ते नाणं टाकाशेजारी दिसतं, तो शोध. घराची वाटणी झाली तेव्हाचा कागद असेल तर त्यात देवांच्या वस्तूंची यादी असते कधी कधी, ती बघ. एवढं पान विकताना नाण्याबरोबर द्यायचं. नाण्याची किंमत त्याने फार वाढणार नाही. पण पुढच्या माणसाला ते पुढे देता येतं, आणि तुझ्या नावावर कधी प्रश्न आला तर उत्तर तयार असतं.

आणि वाटणीवरून आठवलं. देव आजीचे, म्हणजे आत्याचाही त्यात वाटा. तिला विचारलंस का?

किमतीकडे येते. ५ लाख हा आकडा तू कुठून आणलास ते मला माहीत आहे, त्या व्हिडिओतून. "जुनं नाणं असेल तर लखपती व्हा." त्यात दिसतो तो आकडा कुणीतरी मागितलेला असतो, दिलेला नसतो. भाव बघायचा तर लिलावाचा निकाल बघ. मुंबईचे टोडीवाला, अहमदाबादची क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी अशांच्या मागच्या लिलावांच्या याद्या आणि निकाल बघायला मिळतात. तिथेही तीन आकडे असतात. अंदाज, बोली सुरू होते तो, आणि शेवटी गेलेला. आपल्याला शेवटचा हवा. त्यातही नाणं तुझ्यासारखंच हवं: दुदांडी, जवळपास तेवढंच वजन, घासलेलं. मूळ थर असलेल्या सुंदर नाण्याचा भाव बघून आपल्या घासलेल्याला लावायचा नाही. तसे तीन-चार निकाल मिळाले की त्यांच्या खालच्या बाजूचा आकडा धर. आणि मजकुरात "गुंतवणूक", "पुढे किंमत वाढेल" असलं काही नको. ते तुझ्या हातात नाही.

त्या व्हिडिओवाल्यांचा फोन आला तर बोलूच नकोस. "तुमचं नाणं ८ लाखांना घेतो, फक्त नोंदणीचे आणि कराचे आधी भरा" असं म्हणून पैसे काढणारे बरेच आहेत. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्हही वापरतात. बँकेने २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की ती अशा कुठल्याही व्यवहारात नसते आणि असं शुल्क कधी मागत नाही. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, हा व्यवहार कुठल्या बाजारात असतो?

अजून एक कायदा, १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांहून जुनं नाणं त्यात पुरावस्तू ठरतं. तुला किंवा मला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. दुबईहून किंवा अमेरिकेहून कुणी कितीही गोड बोललं, तरी मजकुरात सरळ घाल: फक्त भारतात पाठवू. आणि उद्या हुरूप येऊन गावोगावच्या शिवराया गोळा करून विकायचं मनात आलं, तर पुरावस्तूंच्या धंद्याला परवाना लागतो. तो आधी, जाहिरात नंतर.

तर आता मी लिहिलेलं बघ. यातला एक शब्द बदललास तर मला आधी विचार:

"तांब्याची शिवराई, दुदांडी प्रकार. पुढे श्री / राजा / शिव, मागे छत्र / पति, मध्ये दोन आडव्या दांड्या. प्रकार आणि वजनावरून उत्तर पेशवाईतली मानता येईल, नाण्यावर साल किंवा टांकसाळीचे नाव नाही. वजन ८.७४ ग्रॅम, सोनाराच्या काट्यावर. रुंदी साधारण २० मिलिमीटर. ठसा मध्यापासून सरकलेला, श्री अर्धा कडेबाहेर. झीज मध्यम, अक्षरे वाचता येतात, फाइनच्या आसपास. देव्हाऱ्यात राहिल्याने वारंवार घासलेली, मूळ थर उरलेला नाही, खाचांत कुंकवाचे अंश. सर्वसाधारणपणे मिळणारा प्रकार. आमच्या घरी किमान माझ्या आईच्या लग्नापासून आहे, त्याविषयी तिच्या सहीचे पान सोबत देऊ. त्याआधीची माहिती नाही. कोणत्याही संस्थेकडून प्रमाणित केलेली नाही. फक्त भारतात पाठवू. वर्णनाशी न जुळल्यास मिळाल्यापासून सात दिवसांत परत घेऊ."

"अस्सल" शब्द कुठे गेला म्हणशील. तो मुद्दाम काढला. दोन-चार नाणेवाल्यांना प्रत्यक्ष दाखवून झाल्याशिवाय तो तुझ्या तोंडी शोभत नाही. परत घेण्याची मुदत देतेस, तीच तुझी हमी. पण परत आलेलं नाणं तुझंच आहे हे कळायला हवं, म्हणून कडेची ती वेडीवाकडी घडण जवळून टिपून ठेव आणि पाठवायच्या दिवशी पुन्हा वजन कर. दुसरीच शिवराई परत पाठवणारे महाभाग असतात. पुठ्ठ्यांच्या मधे, नाणं खुळखुळणार नाही असं घट्ट बसवून, नोंदणी करून पाठव आणि पावती जप.

व्हिक्टोरियाचा रुपया या जाहिरातीत घालू नकोस, त्याचं वेगळं लिहू. आणि त्या तिघींपैकी ती तिसरी, जाड, तिचं वजन तू सांगितलंच नाहीस. फोटोत दांड्या दिसत नाहीत तिच्यावर. सोमवारी भोरला जाशील तेव्हा ती ने, तोवर तिला पाणीसुद्धा लावू नकोस. आत्याशी मात्र आज रात्रीच बोल, मी नंतर फोन करीन तिला.